wc आणि सहा अक्षरांची म्हण

टर्मिनलमध्ये रमणाऱ्या माणसाला `wc` ही आज्ञा कोणी मुद्दाम शिकवत नाही, ती येता-जाता अंगवळणी पडते. फाइलचं नाव द्यायचं आणि एंटर मारायचं, की ओळी, शब्द आणि बाइट असे तीन आकडे समोर येतात. ना पानं, ना टक्के, ना वाचायला लागणारा वेळ. मला तिचा हा तुटकपणा आवडतो. पण फाइल मराठी असली, की या तीन आकड्यांकडे जरा थांबून पाहावं लागतं.

एक छोटीशी फाइल घेऊ. तिच्यात एकच म्हण आहे.

```
$ printf 'अति तेथे माती\n' > mhan.txt
$ wc mhan.txt
 1  3 36 mhan.txt
```

एक ओळ, तीन शब्द, इथवर ठीक. पण 36? तोंडाने म्हणून पाहा: अ, ति, ते, थे, मा, ती. अक्षरं सहा. मग सहाचे छत्तीस झाले कसे?

संगणकाच्या लेखी ‘ति’ हे एक अक्षर नाही. तिथे ‘त’ वेगळा आणि ऱ्हस्व वेलांटी वेगळी, प्रत्येकाला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक. या हिशेबाने ‘अति’मध्ये तीन चिन्हं, ‘तेथे’त चार, ‘माती’त चार, एकूण अकरा. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे तेहतीस झाले. त्यात दोन मोकळ्या जागांचे दोन आणि ओळ संपल्याच्या खुणेचा एक मिळवला की छत्तीसचा मेळ बसतो. चिन्हं मोजायची तर `wc -m` म्हणायचं. उत्तर 14 येतं, कारण त्या जागा आणि ती खूणही त्यात धरलेली असते.

बाइटसाठी पर्याय आहे `-c`, आणि हे सी कॅरॅक्टरचं. 1971 साली युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत `wc` आली, तेव्हा एक कॅरॅक्टर म्हणजे एक बाइट असं सरळ समीकरण होतं. यूटीएफ-8 आली 1992मध्ये. तोवर `-c` ठिकठिकाणच्या स्क्रिप्टमध्ये बाइट मोजत रुजला होता, त्याला कोण हलवणार? खऱ्या कॅरॅक्टरांना मग `-m`वर समाधान मानावं लागलं. तेही बेभरवशाचं. यंत्राची भाषा-मांडणी, म्हणजे लोकेल, यूटीएफ-8 नसेल तर `-m` निमूटपणे बाइटच मोजतो. शंका आली तर दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. मराठी फाइलला `-m` आणि `-c` एकच उत्तर देत असतील, तर लोकेल चुकलंय हे नक्की समजावं.

ओळींची गंमत निराळी. `wc -l` ओळी मोजत नाही, ओळ संपल्याच्या खुणा मोजते. वरच्या आज्ञेतून `\n` काढून टाका, म्हण जशीच्या तशी दिसेल आणि `wc` सांगेल शून्य ओळी, तीन शब्द, 35 बाइट. ओळच नाही, पण शब्द तीन! तिच्या दृष्टीने यात काही विसंगत नाही. काही एडिटर शेवटची खूण आपोआप टाकतात, काही टाकत नाहीत. त्यामुळे अशी अर्धवट संपलेली फाइल दुसरीच्या पुढे `cat`ने जोडली, की पहिलीचा शेवटचा शब्द दुसरीच्या पहिल्या शब्दाला चिकटतो आणि बेरजेत एक शब्द गायब होतो. फाइल नीट संपली आहे का, हेही `wc`लाच विचारता येतं:

```
$ tail -c 1 mhan.txt | wc -l
```

एक आला तर खूण आहे, शून्य आला तर नाही.

शब्दांच्या बाबतीत ती फार विचार करत नाही. दोन मोकळ्या जागांमध्ये जे सापडेल तो शब्द. दोन्ही बाजूंना जागा सोडून लिहिलेली रेघसुद्धा शब्द ठरते. संपादकांनी घातलेली शब्दमर्यादा गाठायची असेल, तर संवादात रेघा पेरणाऱ्या लेखकांचं आयतंच फावतं. याउलट ‘घरासमोरच्यासुद्धा’ हे लांबलचक प्रकरण एकाच शब्दात खपतं. शब्दयोगी अव्ययं तोडून ‘घरा समोर’ असं लिहिणाऱ्यांचे लेख `wc`ला मोठे वाटतात आणि शुद्धलेखनवाल्यांना चुकीचे.

पण बाइटचा आकडा अगदीच निरुपयोगी समजू नका. एखादा शब्द फाइलमध्ये डोळ्यांना धडधडीत दिसतो, पण शोधला तर सापडत नाही, असा अनुभव मराठी मजकुरात नवा नाही. ‘दुसऱ्या’ घ्या. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, तर दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. `printf`ने दोन्ही आळीपाळीने `wc -c`कडे पाठवा: पहिल्याचे 21 बाइट, दुसऱ्याचे 24. ते जादा तीन बाइट त्या अदृश्य चिन्हाचे. शोध का फसतो हे डोळ्यांना कळत नव्हतं, ते मोजणीने सांगितलं.

आणि तरीही आपण मराठी माणसं ज्याला अक्षर म्हणतो ते `wc` मोजतच नाही. आपल्याकडे अक्षरं मोजण्याची परंपरा जुनी. पोथ्यांची लांबी 32 अक्षरांचा एक ग्रंथ या मापाने सांगत. मोठ्या अभंगाचे चार चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. म्हणजे आपली म्हण अभंगाच्या एका चरणात चपखल बसेल, पण ‘6’ हा आकडा `wc`च्या कुठल्याच पर्यायातून निघत नाही.

लिनक्सवर थोडी खटपट केली तर निघतो. `grep -oP '\X'` हे चिन्हांचे दिसणारे पुंजके वेगळे करून एकेका ओळीवर टाकतं, आणि ओळी मोजायला `wc -l` आहेच. फक्त जोडाक्षरापाशी गाडं अडतं. ‘क्षेत्र’ ही आपल्या लेखी दोन अक्षरं, पण बऱ्याच यंत्रांवरचा `\X` क्, षे, त्, र असे चार तुकडे पाडतो. यावर माझा गावठी उपाय असा, की हलन्त आणि त्याच्या लगेच पुढचं चिन्ह आधीच उडवून लावायचं:

```
$ printf 'क्षेत्र\n' | tr -d ' ' | sed 's/्.//g' | grep -oP '\X' | wc -l
2
```

`sed`मधून बाहेर पडताना ‘क्षेत्र’चं ‘केत’ झालेलं असतं. वाचायला भयंकर, मोजायला अचूक. अदृश्य जोडचिन्हवाला ‘दुसऱ्या’ मात्र इथेही दगा देतो. हलन्तापुढे लगेच ते चिन्हच असल्यामुळे `sed` तेच उडवतो आणि ‘या’ सुटा उरतो. अक्षरं तीन असताना उत्तर चार येतं. त्यामुळे अभंग मोजायला बसण्याआधी ते चिन्ह फाइलमधून काढून टाकावं लागतं. मॅकवाल्यांच्या `grep`मध्ये तर `-P` नसतोच. त्यांनी तूर्त बोटांवर मोजावं.