मूर्ती, नरकासुर आणि रशियन पाहुणे : आमची वाटचाल

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकून मी गोव्यात परतले तेव्हा मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात रशियन पाट्या लागू लागल्या होत्या. नवऱ्याकडे दोन गाड्या होत्या, माझ्याकडे भाषा होती. त्यातून आमचा धंदा सुरू झाला. सुरुवातीच्या फेऱ्या ठरलेल्याच असत : सकाळी दूधसागर, दुपारी मसाल्याची बाग आणि परतताना वेळ उरला तर फोंड्याचं एखादं देऊळ. देवळाला अर्धा तास मिळायचा, त्यातला निम्मा चपला काढण्यात आणि गुडघे झाकण्यात जायचा. तेव्हा मंदिर म्हणजे आमच्यासाठी फोटोची जागा होती. पाहुणे मात्र प्रश्न विचारायचे, आणि पुन्हा पुन्हा तेच विचारायचे. बागेतल्या मिरीवेलाबद्दल मला असा प्रश्न कोणी कधी केला नाही. देवळात मात्र हमखास येई : 'हा तुमचा देव आहे का? हाच?'

या प्रश्नाला रशियनमध्ये नीट उत्तर देता येणं, हेच पुढे आमचं खरं काम झालं.

मूर्तीसाठी रशियन गाईड सर्रास 'ईदल' म्हणतात. शब्दकोशातही तोच मिळतो. पण रशियन माणसाच्या कानात हा शब्द एकटा येत नाही. 988 साली कीवच्या व्लादिमीर राजाने ख्रिस्ती धर्म घेतला आणि पेरुन नावाच्या जुन्या देवाची लाकडी मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून ओढत नेली, काठ्यांनी बडवली आणि द्नेपर नदीत फेकून दिली, असं तिकडचा प्राचीन इतिवृत्तांत सांगतो. शाळेत शिकलेल्या रशियन माणसाला ही गोष्ट माहीत असते. म्हणजे 'ईदल' हा खोटा, हरलेला देव, आणि त्याला नदीत टाकणं म्हणजे त्याला नाकारणं. आता याच माणसाने फोनवर गणपती विसर्जनाचा व्हिडिओ पाहिलेला असतो, आणि खाली कोणीतरी रशियनमध्ये लिहिलेलं असतं की भारतीय लोक मूर्ती बुडवतात. त्याला काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको.

त्यावर दुसरं टोक म्हणजे 'इकोना'. ऑर्थोडॉक्स चर्चमधलं पवित्र चित्र. माणूस लगेच सुखावतो, कारण तो स्वतः इकोनापुढे वाकतो, मेणबत्ती लावतो. सुरुवातीला मीही हाच दाखला वापरत असे आणि बोलणं सुरळीत चाले. पण तो निम्माच खरा आहे. त्यांच्या शिकवणीत इकोनाला दिलेला मान चित्रातून पलीकडे, मूळ पुण्यपुरुषाकडे जातो. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठा झाल्यावर देव तिथे आहे, असंच आपण मानतो. म्हणून त्याला उठवतात, स्नान घालतात, वस्त्र नेसवतात, नैवेद्य दाखवतात आणि रात्री शेजारती करतात. चित्राला कोणी झोपवत नाही. इकोना म्हटलं की पूजेचा हा सगळा भाग पाहुण्याला भाबडा खेळ वाटू लागतो.

शेवटी आम्ही शब्द बदलायचं सोडलं आणि क्रम धरला. 'मूर्ती' हा शब्द रशियनमध्ये तसाच ठेवायचा आणि एकच गोष्ट समजावायची : इथे कोणाला बोलावलेलं आहे का, आणि किती काळासाठी?

मंगेशीच्या बाबतीत हे सांगणं सोपं जातं. पोर्तुगीजांच्या काळात, 1560 मध्ये, कुशस्थळीच्या म्हणजे आजच्या कुठ्ठाळीच्या भक्तांनी लिंग उचलून जुवारी नदीपलीकडे, पोर्तुगीज सत्तेबाहेरच्या अंत्रुज महालात प्रियोळला आणलं. देऊळ मागे राहिलं, देव पुढे आला. मॉस्कोचं ख्रिस्त तारणहाराचं भव्य चर्च 1931 मध्ये सरकारने सुरुंग लावून पाडलं, हे आमच्या बहुतेक पाहुण्यांना घरातून किंवा शाळेतून ठाऊक असतं. त्यांच्या आज्यांनी इकोना ट्रंकेत लपवल्याच्या आठवणी कोणीतरी सांगतोच. तेव्हा 'भक्तांनी इमारत सोडली आणि देवाला घेऊन गेले' हे वाक्य त्यांना भाषांतराशिवाय पोचतं. इथे देव कायमचा वस्तीला आहे, एवढं एकदा मनात बसलं की पुढचं सोपं.

मग चवथीचा गणपती. आमचा हंगाम साधारण ऑक्टोबरमध्ये चार्टर विमानं येऊ लागली की सुरू होतो, त्यामुळे चवथ बहुतेकांना प्रत्यक्ष दिसत नाही. दिसते ती फोनवर, आणि म्हणूनच जास्त घोळ होतो. आम्ही ती गोष्ट शेवटापासून नव्हे, पहिल्यापासून सांगतो. मातीची मूर्ती घरात येते तेव्हा ती माती असते. भटजी मंत्रांनी प्राणप्रतिष्ठा करतात तेव्हा देवाला पाहुणा म्हणून बोलावलं जातं. आमच्याकडे बऱ्याच घरांत दीड दिवस, काहींकडे पाच, सात, नऊ दिवस. जायच्या दिवशी उत्तरपूजा होते, अक्षता वाहतात, पूजा स्वीकारून परत येण्यासाठी जा अशी प्रार्थना होते आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. इथे आमचा गाईड मुद्दाम थांबतो. कारण पाण्यापर्यंत जी मिरवणूक जाते ती निरोपाची. पाण्यात जाते ती माती, देवाला कोणी बुडवत नाही. रशियनमध्ये 'उतपीली', म्हणजे 'बुडवलं', हे क्रियापद आमच्या गाईडना बंद आहे. त्याऐवजी 'प्रोवदी' म्हणतो. घरातून लांब जाणाऱ्या माणसाला निरोप देण्याचा जो सोहळा असतो, त्याला त्यांच्याकडे हा शब्द आहे. पेरुनची आठवण त्याने आपोआप मागे पडते.

खरा पेच दिवाळीला येतो, आणि तो आमच्या हंगामात येतो. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गावागावात गवत, कागद आणि फटाके भरलेले नरकासुर उभे असतात, दोन मजली उंचीचे, सुळे दाखवणारे. पहाटे ते जाळतात. हॉटेलबाहेर पडलेला पाहुणा हे पाहतो आणि मूर्ती या शब्दाखाली तेही जमा करतो. एका गटाला मी हे समजावत असताना सेंट पीटर्सबर्गच्या एका बाईंनी सरळ विचारलं, 'म्हणजे तुम्ही देवाला कधी बुडवता, कधी जाळता?'

त्यांना मी त्यांच्याच सणाचा दाखला दिला. वसंताच्या आधी मास्लेनित्सा असते, तेव्हा ते गवताची बाई करून थंडीला निरोप म्हणून जाळतात. तिला 'चूचेला' म्हणतात, म्हणजे आत भुसा भरलेलं बुजगावणं. नरकासुर हा चूचेला आहे. त्यात कोणाला बोलावलेलं नाही, प्राणप्रतिष्ठा नाही, नैवेद्य नाही. त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला. पण हाच दाखला गणपतीला लावला तर सगळं पुन्हा उलटं होतं, म्हणून आमच्याकडे नियम आहे की मास्लेनित्सा फक्त नरकासुरासोबत. शिवाय नरकासुराला 'च्योर्त', म्हणजे सैतान, म्हणायचं नाही. तो भूदेवीचा मुलगा, वर मिळवून माजलेला. देवाविरुद्ध सनातन उभी असलेली वेगळी शक्ती आपल्या कथेत नाही, आणि सैतान म्हटलं की ती आत शिरते.

हे सगळं बरोबर जातंय हे कळणार कसं? कोरोनामुळे 2020 मध्ये विमानं थांबली तेव्हा आम्ही त्यासाठी एक पद्धत बसवली. नवा गाईड रशियनमध्ये समजावतो. समोर रशियन येणारी पण विषय न जाणणारी दुसरी व्यक्ती बसते. ती ऐकलेलं मराठीत सांगते, पण 'मूर्ती', 'प्रसाद', 'विसर्जन' असे मूळ शब्द न वापरता. ते आमच्या ओळखीचे पुरोहित ऐकतात. त्यांना रशियन येत नाही, हीच त्यांची ताकद. 'देव मातीत उतरतो आणि मग मातीबरोबर विरघळतो' असं कानावर आलं की ते हात वर करतात, आणि आम्हाला कळतं की मधे निरोप गळला.

प्रसादाचंही असंच. रशियनमध्ये नैवेद्याला 'झेर्त्वा' म्हटलं जातं, जे बळी देण्यालाही चालतं. श्रद्धाळू ऑर्थोडॉक्स माणसाला बायबलमधलं 'मूर्तींपुढे वाहिलेलं अन्न' आठवतं, जे खाऊ नये असं त्याला सांगितलेलं असतं. तो अवघडून उभा राहतो आणि हात पुढे करतो, कारण नाही कसं म्हणावं हे त्याला कळत नाही. आम्ही आधीच सांगतो की हे देवापुढे ठेवून परत मिळालेलं अन्न आहे, घेतलं म्हणजे धर्म बदलत नाही, आणि नको असेल तर हात जोडून मान वाकवली तरी कोणी दुखावत नाही. घेऊन नंतर कचऱ्यात टाकू नका, एवढीच विनंती. आमचा गट नेहमी मिश्र असतो, कझाकस्तानचे मुसलमानही असतात, तेव्हा चर्चचे दाखले सगळ्यांना लागू पडत नाहीत. हात जोडणं सगळ्यांना जमतं.

काही पाहुणे उलट आपल्यालाच शिकवतात. इस्कॉनची रशियन पुस्तकं वाचून आलेले शिवाला 'पलुबोग', म्हणजे अर्धा देव, म्हणतात. त्यांच्या परंपरेत त्या शब्दाला जागा असेल, पण मंगेशीच्या अंगणात तो चालत नाही, हे मी नम्रपणे पण ठामपणे सांगते. मंगेश ज्यांचा कुलदेव, ते शेजारी उभे असतात.

प्रत्येक देवस्थानची समिती परदेशी पाहुण्यांबाबत आपला नियम ठेवते. काही ठिकाणी आत प्रवेश नसतो. तिथे आम्ही गयावया करत नाही. बाहेर दीपस्तंभाजवळ उभे राहून सांगतो आणि गाडीत बसतो.

एक मागणी मात्र आम्ही अजूनही नाकारतो. देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या लावून कौल घेताना पाहिला की पाहुण्यांना आपल्या लग्नाचा नाहीतर व्हिसाचा कौल हवा असतो, आणि ते पैसे द्यायला तयार असतात. त्यांच्या डोळ्यांपुढे 'गदानिये' असतं, पत्त्यांवरून नाहीतर कॉफीच्या गाळावरून भविष्य सांगणं. कौल तसा नाही. गाऱ्हाणं घालून देवाची संमती मागायची असते, भक्ताच्या नात्याने. मी त्यांना एवढंच सांगते की हे विकत मिळत नाही, आणि गट पुढच्या ठिकाणी नेते.