‘फार व्यापक’ या शेऱ्यानंतर

‘माझ्या लघुप्रबंधाच्या प्रश्नावर सरांनी “फार व्यापक आहे” एवढेच लिहून दिले आहे. हातात चार महिने आहेत. आता नेमके काय कमी करू?’

हा शेरा मीही अनेक वर्षे समासात लिहीत असे, आणि तो वाचून विद्यार्थी जवळजवळ नेहमी एकच गोष्ट करत: शीर्षकात एका ठिकाणाचे नाव घालत. त्यामुळे प्रश्न आटोपशीर दिसू लागतो, काम मात्र तेवढेच राहते. ते का, हे मला एका विद्यार्थिनीच्या प्रश्नामुळे नीट उमगले.

तिचा प्रश्न होता, ‘रात्रपाळीचा परिचारिकांच्या आरोग्यावर व कौटुंबिक जीवनावर काय परिणाम होतो?’ माझ्या शेऱ्यानंतर तिने त्यात ‘एका रुग्णालयातील’ हे शब्द घातले. पण खरे ओझे ‘परिणाम’ या शब्दात होते. परिणाम दाखवायचा म्हणजे दिवसपाळीच्या परिचारिकांशी तुलना करावी लागते, शक्यतो पाळी सुरू होण्यापूर्वीची आणि नंतरची मोजमापेही लागतात. शिवाय ज्यांना रात्रपाळी झेपली नाही त्यांनी ती आधीच बदलून घेतलेली किंवा नोकरीच सोडलेली असते, त्यामुळे मागे राहिलेल्यांकडे पाहून रात्रपाळी आहे त्यापेक्षा निरुपद्रवी वाटू शकते. रुग्णालय एक असो वा दहा, ही अडचण तिथेच राहते. ‘आरोग्य’ आणि ‘कौटुंबिक जीवन’ हे तर दोन स्वतंत्र प्रबंधांचे विषय आहेत.

म्हणून आता मी आधी क्रियापदाकडे बोट दाखवतो आणि मग विद्यार्थ्यासमोर बसून तासांचा हिशेब मांडतो. तिच्याकडे 16 आठवडे होते. नैतिकता समितीच्या मंजुरीसाठी 4 आठवडे धरले आणि लेखन व दुरुस्तीसाठी 5, उरले 7. इतर अभ्यास सांभाळून आठवड्याला 25 तास दिले तरी हाती 175 तास येत होते. तिला 30 मुलाखती घ्यायच्या होत्या. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवून काढायला सराव नसलेल्या माणसाला 5 ते 6 तास सहज लागतात, आणि तिचे संकेतन, म्हणजे ओळीओळीला अर्थाची खूण करत जाणे, जवळपास तितकाच वेळ घेते. एका मुलाखतीमागे 11 तास धरले तरी 30 मुलाखतींचे 330 तास झाले. कागदावरची ही वजाबाकी पाहून ती काही वेळ गप्प बसली. माझ्या शेऱ्याने जे झाले नव्हते, ते त्या दोन आकड्यांनी झाले. 12 मुलाखतींचे 132 तास होत होते. उरलेले 43 तास वाया जाणार नव्हते, कारण रात्रभर जागलेली व्यक्ती ठरलेली भेट पुढे ढकलणार, हे गृहीतच धरायला हवे होते.

त्यानंतर मी तिला एक वाक्य लिहायला सांगितले: ‘अभ्यासाच्या शेवटी मी असे म्हणू शकेन की…’ बारा मुलाखतींच्या बळावर ‘रात्रपाळीमुळे प्रकृती बिघडते’ असे म्हणता येत नाही, हे वाक्य पुरे करताना तिच्या स्वतःच्याच लक्षात आले. माणसे एखाद्या अडचणीतून वाट कशी काढतात, हे मात्र त्यांना विचारून सांगता येते. या फरकातून नवा प्रश्न तयार झाला: ‘अतिदक्षता विभागात रात्रपाळी करणाऱ्या व शाळेत न जाणारी मुले असलेल्या परिचारिका दुसऱ्या दिवशीची झोप कशी जुळवतात?’ यातला प्रत्येक शब्द निवडीचा एक निकष आहे, म्हणजे कोणाला मुलाखतीसाठी बोलवायचे आणि कोणाला नाही, हे प्रश्नच सांगतो. मूळ प्रश्नातला जिव्हाळ्याचा भागही हरवला नाही, कारण दिवसाची झोप हीच आरोग्य आणि कुटुंब यांची गाठ पडण्याची जागा आहे.

नेमका करण्याच्या नादात प्रश्न उलट बाजूलाही झुकू शकतो. ‘परिचारिकांना दिवसा पुरेशी झोप मिळते का?’ असे विचारले तर उत्तर एका शब्दात संपते आणि पुढची पन्नास पाने भरायला काही उरत नाही. आणखी एक शंका मी मुद्दाम विचारतो: या निकषांत बसणाऱ्या व्यक्ती त्या विभागात आहेत तरी किती? तिने प्रमुख परिचारिकेला विचारले तेव्हा आकडा 9 निघाला. तेव्हा आम्ही प्रश्नातल्या ‘अतिदक्षता विभागात’ या शब्दांपुढे ‘व शस्त्रक्रियागृहात’ एवढे जोडले आणि अर्ज त्याच आठवड्यात समितीकडे पाठवला.