पैसे आले, पण दुसऱ्याच फर्मच्या खात्यात: खजिनदारांना निरोप लिहिण्याचा माझा अनुभव

एकाच घरातल्या दोन फर्म असल्या की हा घोळ कधी ना कधी होतोच. आमच्याकडे पंप विकणारी फर्म मालकीची आहे आणि दुरुस्ती-देखभालीची भागीदारीत. नावाचा पहिला शब्द तोच, पत्ता तोच, बँकेची शाखाही तीच. पॅन आणि जीएसटी नंबर मात्र वेगळे. एका हाउसिंग सोसायटीने पंपाचं बिल भरलं, ४१,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४८,३८० रुपये, आणि ते गेले देखभालीच्या फर्मला. सोसायटीच्या नेटबँकिंगमध्ये दोन्ही नावं एकाखाली एक जोडलेली होती.

एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते नंबरावर. २०२५ पासून नेटबँकिंगमध्ये नंबर टाकल्यावर खातेदाराचं नाव दिसण्याची सोय आली खरी, पण दोन नावं इतकी सारखी असल्यावर ती काय कामाची? तेव्हा दोष कुणाचा, हा प्रश्न निरोपात आणायचाच नाही. ऑफिसातून मात्र पहिला खर्डा आला तो असा:

«सर, आपण दि. ५ रोजी ४८,३८० रुपयांचे पेमेंट चुकीच्या खात्यात केले आहे. आमचे बिल अद्याप थकीत आहे. तरी त्वरित योग्य खात्यात ट्रान्सफर करावे.»

खजिनदारांच्या जागी बसून हे वाचा. पहिल्या वाक्यात ते चुकले, दुसऱ्यात सोसायटी थकबाकीदार झाली आणि तिसऱ्यात आणखी ४८,३८० रुपये मागितले. आधीचे पैसे कुठे आहेत, परत मिळणार की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. त्या माणसाला उद्या कमिटीसमोर बसायचंय. तो आधी बँकेत धावेल आणि ‘पेमेंट रिव्हर्स करा’ म्हणेल. जमा झालेली रक्कम समोरच्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक सहसा काढून घेत नाही, हे त्याला तिथे कळेल, आणि मग तो आमच्यावर चिडेल. बरोबरच आहे त्याचं.

‘दोन्ही फर्म तुमच्याच, आपसात फिरवा की’, असं कुणीही म्हणेल. पण सोसायटीच्या बँक स्टेटमेंटवर नाव देखभालीच्या फर्मचं आणि बिल पंपवाल्याचं; ऑडिटर विचारणारच. इकडे आमच्या भागीदारांच्या वह्यांत एका फर्मचं दुसरीकडे येणं उभं राहतं. किरकोळ रकमेला ग्राहकाचं पत्र घेऊन जमाखर्ची नोंद करतातही, पण ४८ हजारांना सरळ रस्ता बरा: पूर्ण रक्कम आधी परत करायची आणि मग योग्य खात्यात मागायची. ‘पूर्ण’ म्हणजे पूर्णच. ‘देखभालीचे मागचे ६,००० राहिलेत, तेवढे कापून पाठवू’, हा मोह आमच्या भागीदारांना झालाच होता. तसं केलं असतं तर दोन बिलांचे हिशेब एकमेकांत अडकले असते.

गाडी खरी अडली ती खाते नंबरावर. निरोपातच नंबर आणि आयएफएससी लिहून टाकू, म्हणजे खजिनदार काकांना सोपं, असा ऑफिसचा हट्ट. याचा मला अजूनही राग येतो. ‘आधीचं खातं नको, आता या खात्यात पाठवा’, असा व्हॉट्सॲप निरोप हा फसवणूक करणाऱ्यांचा ठरलेला नमुना आहे. कुठल्याही शहाण्या खजिनदाराने असा निरोप पाहून हात आखडता घ्यायलाच हवा. बरं, त्याने विश्वास ठेवून पैसे पाठवले, तर आपणच त्याला वाईट सवय लावली. उद्या आमच्या नावाने दुसऱ्या कुणाचा तसाच निरोप आला, तर तो पुन्हा विश्वास ठेवील. म्हणून नंबर निरोपात लिहायचा नाही. बिलावर छापलेल्या खात्याकडे बोट दाखवायचं आणि खात्री करायला त्यांच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायला सांगायचं. लेटरहेडवर पत्र आणि रद्द केलेला चेक मागितला तर कुरकुर न करता द्यायचा. तो अविश्वास नाही, त्यांचं काम आहे.

खोडाखोड होऊन गेलेला निरोप हा:

«नमस्कार काका. पंपाच्या बिलाचे ४८,३८० रुपये ५ तारखेला आमच्या देखभालीच्या फर्मच्या खात्यात जमा झाले होते. ही पूर्ण रक्कम आज सोसायटीच्या खात्यात परत पाठवली आहे. व्यवहाराचा यूटीआर नंबर खाली देत आहे. बिल पंपाच्या फर्मचे असल्याने पावतीही त्याच नावाने द्यावी लागते, म्हणजे ऑडिटला तुम्हाला अडचण येणार नाही. परत आलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये दिसल्यावरच तेवढीच रक्कम बिलावर छापलेल्या खात्यात पाठवावी, ही विनंती. खाते नंबर मुद्दाम इथे लिहिलेला नाही. खात्रीसाठी नेहमीच्या नंबरवर फोन करा. सह्यांना वेळ लागेल हे माहीत आहे, २० तारखेपर्यंत झाले तरी चालेल.»

यात कुणी काही ‘केलं’ नाही. रक्कम जमा झाली, एवढंच. पैसे परत पाठवल्याची बातमी मागणीच्या आधी येते, कारण फोनवर वरच्या दोन ओळीच आधी दिसतात. सोसायटीच्या पेमेंटला दोन पदाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, म्हणून ‘त्वरित’ काढून तारीख घातली. ‘घाई नाही’ असं मोघम लिहिलं की काम खरंच महिनाभर पडून राहतं. आणि ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ ही ओळ मी काढूनच टाकली. तिने दोषाचा विषय मागच्या दाराने पुन्हा आत येतो.

यूटीआर एसएमएसवरून उतरवू नका, स्टेटमेंटवरून घ्या. एनईएफटीचा १६ अक्षरांचा असतो, एखादं अक्षर गळलं तर समोरच्याला शोधता येत नाही.

हो, आणि परत पाठवण्याआधी एक पायरी असते ती सांगायची राहिली. आलेल्या एनईएफटीच्या नोंदीत पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, खाते नंबर दिसेलच असं नाही. त्यामुळे आधी खजिनदारांना फोन करून, ज्या खात्यातून पैसे निघाले त्याच खात्याचा रद्द केलेला चेक मागवावा लागतो. ‘सिंकिंग फंडाच्या खात्यात टाका’ असं कुणी सुचवलं तरी नको. जिथून आले तिथेच परत. नवीन खातं आमच्याकडे जोडल्यावर आधी १ रुपया पाठवून तो पोचल्याची खात्री करून घ्यायची, मग उरलेले ४८,३७९. निरोपात मग दोन्ही यूटीआर द्यायचे.

निरोप खजिनदारांच्या एकट्याच्या नंबरवर गेला पाहिजे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलात तर शब्द कितीही गोड असोत, चारशे सभासदांसमोर त्यांची चूक वाजते.

पैसे अज्ञात माणसाच्या खात्यात गेले असतील तर मात्र यातलं काही लागू पडत नाही. तिथे ग्राहकाने स्वतःच्या बँकेला लेखी कळवायचं असतं. आपण फक्त आपल्या खात्यात रक्कम आलेली नाही हे दाखवणारं स्टेटमेंटचं पान देऊ शकतो.

रक्कम योग्य खात्यात आली की त्याच दिवशी पावती पाठवायची, बिल नंबर घालून. त्यानंतर वेगळ्या निरोपात एक छोटी सूचना: नेटबँकिंगमध्ये आमच्या दोन्ही खात्यांना टोपणनावं द्या, एकाला ‘पंप माल’ आणि दुसऱ्याला ‘देखभाल’. ही सूचना पहिल्याच निरोपात घातली की टोमणा वाटते. पावतीनंतर आली की लोक ती लगेच करून टाकतात.