माझा अनुभव : ९० जीएसएमचे पौंड करताना

सांगलीत आम्ही छापलेल्या दोनशे पृष्ठांच्या एका पुस्तकाच्या काही प्रती अमेरिकेतच छापून तिथल्या वाचकांना द्याव्यात, असे ठरले आणि तिथल्या छापखान्याने कागदाचे वजन पौंडात कळवायला सांगितले. आमच्या पुस्तकाला आत ९० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ९० ग्रॅम वजनाचा, मॅपलिथो कागद आणि मुखपृष्ठाला २५० जीएसएमचे आर्ट कार्ड होते. ग्रॅमचे पौंड करणे म्हणजे एका ठरावीक आकड्याने भागणे, एवढीच माझी कल्पना होती. परंतु दरपत्रकात आतल्या पानांसाठी ६० पौंड टेक्स्ट आणि २४ पौंड बाँड हे दोन्ही कागद जवळजवळ आमच्याच वजनाचे म्हणून दाखवलेले होते.

याचा उलगडा आमच्या छापखान्याच्या मालकांनी केला. ते म्हणाले, "अहो, आपण तरी काय वेगळे करतो? व्यापाऱ्याकडे कागद किलोवरच मागतो की." आपल्याकडे इंचांतली लांबी, रुंदी आणि जीएसएम यांचा गुणाकार करून त्याला ३१०० ने भागले, की पाचशे कागदांच्या रिमाचे वजन किलोत मिळते. त्याप्रमाणे ९० जीएसएमचा २३×३६ आकाराचा रीम सुमारे २४ किलो भरतो, तर त्याच कागदाचा २०×३० चा रीम साडेसतरा किलोंच्या आत राहतो. कागद तोच असतो, आकार बदलला म्हणून रिमाचे वजन बदलते.

अमेरिकेतील पौंड हेही पाचशे कागदांच्या रिमाचेच वजन आहे. फरक एवढाच, की हे वजन आपण प्रत्यक्ष घेतो त्या कागदाच्या आकाराचे नसते, तर त्या प्रकारासाठी परंपरेने ठरलेल्या मूळ आकाराचे असते, आणि हा मूळ आकार प्रत्येक प्रकाराला वेगळा आहे. बाँडसाठी तो १७×२२ इंच, टेक्स्ट आणि ऑफसेटसाठी २५×३८ इंच, तर कव्हरसाठी २०×२६ इंच धरतात. त्यामुळे भाजकही तीन आहेत : जीएसएमला बाँडसाठी ३.७६ ने, टेक्स्टसाठी १.४८ ने आणि कव्हरसाठी २.७०४ ने भागायचे. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. १४०६ ला मूळ आकाराच्या चौरस इंचांनी भागले, की ते मिळतात. (९० जीएसएमच्या बाँडचे २४ पौंड आणि आपल्या २३×३६ च्या रिमाचे २४ किलो हा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून काही नियम बसवू नये.)

आतल्या पानांचा हिशेब सरळ होता. ९० भागिले १.४८ म्हणजे ६०.८, बाजारात मिळणारा ६० पौंडाचा टेक्स्ट कागद ८९ जीएसएमच्या जवळ येतो, म्हणजे फरक नगण्य. मुखपृष्ठाला मात्र अडले. २५० भागिले २.७०४ म्हणजे साडेब्याण्णव पौंड, आणि त्या छापखान्याकडे कव्हरमध्ये ८० किंवा १०० पौंड एवढेच पर्याय होते. ८० पौंड कव्हर सुमारे २१६ जीएसएम होते, म्हणजे आमच्या कार्डापेक्षा चौदा टक्क्यांच्या आसपास हलके; १०० पौंड सुमारे २७० होते, म्हणजे आठ टक्के जड. मी दुसरे निवडले. त्याच दरपत्रकात १०० पौंड टेक्स्टही होता, पण तो जेमतेम १४८ जीएसएमचा. म्हणून नुसते "१०० पौंड" न लिहिता पुढे "कव्हर" लिहिणे अत्यावश्यक आहे. अमेरिकन मंडळी पौंडासाठी लिहितात ते # चिन्हही प्रकाराविना अपुरेच ठरते.

वजन जुळले म्हणजे जाडी जुळली असे नाही, ही गोष्ट पुस्तकाच्या कण्याला भोवते. आमच्या मॅपलिथोची शंभर पाने (म्हणजे दोनशे पृष्ठे) एकावर एक ठेवून दाबून मोजली, तर साधारण ११ मिलिमीटर भरत होती. जवळपास त्याच वजनाचा त्यांचा ६० पौंडाचा कागद मात्र अधिक फुगीर होता. त्यांनी एका इंचात चारशे पृष्ठे बसतात असे कळवले, त्यावरून कणा अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर झाला. सांगलीत वापरलेली मुखपृष्ठाची फाइल तशीच पाठवली असती, तर कण्यावरचे नाव एका बाजूला सरकले असते. म्हणून कण्याची रुंदी वाढवून फाइल पुन्हा तयार केली आणि मागणीपत्रात आतला कागद ६० पौंड टेक्स्ट, ८९ जीएसएम, आणि मुखपृष्ठ १०० पौंड कव्हर, २७० जीएसएम, असे प्रत्येक ठिकाणी दोन्ही आकडे देऊन ते रवाना केले.