समोरच्या गॅलरीतून घेतलेल्या कॅसेट

सप्रेम नमस्कार.

चाळीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, वर्गणीच्या जुन्या पावतीपुस्तकांच्या मागे, आपल्या गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या सतरा व्हीएचएस कॅसेट आहेत. त्या बघून त्यातलं काय इंटरनेटवर ठेवायचं हे ठरवावं, असा प्रस्ताव सचिव म्हणून मी कार्यकारिणीपुढे ठेवतो आहे. पण नुसता ठराव लिहून मला समाधान होणार नाही. मागच्या महिन्यात १९९६ सालची कॅसेट मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, आणि काय निवडावं याबद्दलचं माझं मत त्या तीन तासांत पार बदललं.

गिरगावात वाढलेल्यांना ते अंगण वेगळं सांगायला नको. दोन इमारतींच्या मधे मांडव, एका टोकाला गणपती, दुसऱ्या टोकाला बाकं जोडून केलेलं स्टेज. कॅमेरा समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याला बांधलेला. त्यामुळे चित्र कायम वरून येतं आणि खालच्या कोपऱ्यात बसलेल्या बायकांचे अंबाडे आणि गजरे सतत दिसतात. मी तेव्हा अकरावीत होतो आणि पडदा ओढायचं काम माझ्याकडे होतं. कॅसेटमध्ये पडदा दोनदा अडकतो, तो माझ्याच हातून.

कॅसेट लावण्याआधी एक काळजी घेतली, ती सगळ्यांनीच घ्यावी. कॅसेटच्या खिडकीतून फितीची गुंडाळी उजेडात तिरकी धरून पाहायची. कडेवर पांढरी पूड किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. मुंबईच्या चार पावसाळ्यांनंतर ती सहज धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. आपल्या सतरांपैकी चार अशा आहेत, त्या मी प्लास्टिकच्या पिशवीत वेगळ्या ठेवल्या. त्या साफ करणाऱ्या माणसाकडेच जातील. उरलेल्यांचं मागचं टिकलीएवढं प्लास्टिक मोडलेलं आहे ना, तेही तपासलं. ते शाबूत असेल तर चुकून वर रेकॉर्डिंग होऊ शकतं.

कॅसेट बघता बघताच ती सलग कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, मधे कुठेही न थांबवता. तासाला साधारण तेरा जीबी जागा लागते, म्हणजे तीन तासांची कॅसेट चाळीस जीबीच्या आत बसते. ही मूळ फाइल. तिला कोणी हात लावायचा नाही. तिच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या घरांतल्या हार्ड डिस्कवर राहतील आणि इंटरनेटसाठीचे तुकडे तिच्यातून कापायचे. नोंदीही फाइलमधल्या वेळेवरून करायच्या. व्हीसीआरवरचा काउंटर फितीच्या कोऱ्या भागात थांबतो, त्याच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

आता १९९६ च्या कॅसेटमध्ये काय आहे ते सांगतो. एकूण चौदा कार्यक्रम. त्यातले सहा सिनेमातल्या गाण्यांवरचे नाच. मला सगळे आठवत होते, आणि मनात मी आधीच ते निवडून ठेवले होते, कारण त्यात आपली सगळी मुलं होती. पण गाणं टेपवर लावलेलं आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ हौशी मंडळाला तिकीट न लावता कार्यक्रम करायची मोकळीक देतं, पण ती मांडवापुरती. तोच नाच इंटरनेटवर गेला की ध्वनिमुद्रिकेच्या मालकाचा हक्क आड येतो, आणि बहुतेक वेळा आवाजच बंद केला जातो. एकांकिकेचंही तसंच. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क त्याच्या वारसांकडे असतात, तेव्हा आधी परवानगी, मग पुढचं. हे नाच आणि ती एकांकिका घरच्यांसाठी पेन ड्राइव्हवर द्यावीत असं मला वाटतं.

बायकांचे मंगळागौरीचे खेळ मात्र मी विसरूनच गेलो होतो. फाइलमध्ये एक तास बेचाळीस मिनिटांना ते सुरू होतात. आधी झिम्मा, मग फुगडी, मग तळमजल्यावरच्या आजींनी धरलेलं ‘नाच गं घुमा’. टेप नाही, पेटी नाही, फक्त टाळ्या आणि पायांचा आवाज. ‘कशी मी नाचू’ नंतर घुमेला काय काय हवं आहे ते सांगताना आजी ओळीमागून ओळ घालत जातात, आणि त्यातल्या किमान पाच ओळी मी दुसरीकडे कुठेच ऐकलेल्या नाहीत. दोन ओळी मालवणी ढंगाच्या आहेत, त्यांच्या माहेरच्या. सून मागून हसत विचारते, ‘ही कुठली गं आई?’ आणि आजी न थांबता पुढची ओळ म्हणतात. आजी जाऊन बारा वर्षं झाली. त्या ओळी त्यांच्या मुलीलाही पुऱ्या येत नाहीत, मी फोन करून विचारलं.

याच कार्यक्रमाची एक डीव्हीडीही आपल्याकडे आहे. मागे मंडळाने कॅसेटवरून करून घेतलेली. चित्र स्वच्छ आहे, नावं रंगीत अक्षरांत येतात. पण त्यात घुमा दीड मिनिटात संपतो. करणाऱ्याने लांबलं म्हणून कापलं असावं. कॅसेटमध्ये तो सात मिनिटांचा आहे. म्हणून माझा आग्रह आहे की डीव्हीडी असली तरी कॅसेट पाहिल्याशिवाय निवड करू नये.

निवडीला तीन जण एकत्र बसावेत. एक त्या वर्षी स्टेजवर असलेला, एक खेळ किंवा भजन जाणणारी बाई, आणि एक असा मुलगा किंवा मुलगी ज्याचा तेव्हा जन्मही झालेला नाही. माझ्यासारख्याला प्रत्येक चेहऱ्यात आपलं माणूस दिसतं, त्यामुळे सगळंच ठेवावंसं वाटतं. माझ्या पुतणीने तो घुमा पाहिला आणि दुसऱ्यांदा लाव म्हणाली. नाचांच्या वेळी ती उठून पाणी प्यायला गेली होती.

त्या कॅसेटमधून मी तीनच गोष्टी सुचवतो: हा घुमा, एकनाथांचं भारूड जे आपल्याच मंडळींनी मृदंगावर म्हटलं आहे, आणि मुलांचं लेझीम. लेझीम चढवताना लक्ष ठेवावं लागेल. जुन्या व्हिडिओत एक चित्र दोन अर्ध्यांत नोंदलेलं असतं. ते नीट जोडलं नाही तर हलणाऱ्या हातांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. सेकंदाला पन्नास चित्रं करून घेतली की हात सुटे आणि सलग दिसतात. आणि चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणू नका, सगळी माणसं बुटकी होतात.

लेझीममधली मुलं आज चाळिशीत आहेत, त्यांना प्रत्येकाला विचारूनच टाकायचं. दिवंगतांच्या घरी मी स्वतः जाईन. एका घरानेही नको म्हटलं तर तो तुकडा इंटरनेटवर ठेवायचा नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी ऑफिसात १९९८ ची कॅसेट लावतो आहे. त्या वर्षी पाऊस येऊन कार्यक्रम जिन्यात हलवला होता, आणि आजी तिथेही गायल्या होत्या असं तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सांगतात.