दगडातली पाणसळ

कापून चकचकीत केलेला अकीक हातात आला की नजर आधी मधोमध जाते, कारण स्फटिक तिथेच लकाकत असतात. वाचायला सुरुवात मात्र बाहेरून करावी. या दगडातला सगळ्यात जुना थर सालीलगतचा आणि सगळ्यात नवा मधला. एका रिकाम्या जागेच्या भिंतींवर थरावर थर चढत गेले आणि ती जागा आत आत बुजत गेली. बुजता बुजता काम थांबलं आणि मध्ये पोकळी उरली, तर त्याला जिओड म्हणतात. पूर्ण बुजली तर तो भरीव अकीक. दोघांचा जन्म सारखाच, फक्त काम थांबलं ती जागा वेगळी.

ती रिकामी जागा लाव्हाची देणगी. खोलवर दाबाखाली असताना लाव्हात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेले असतात. वर येताना दाब उतरतो, वायू सुटे होतात आणि बुडबुडे वरच्या दिशेने निघतात. पण प्रवाहाचा माथा तोवर थिजू लागलेला असतो. बुडबुडे त्या कवचाखाली अडकतात आणि तिथेच गोठतात. म्हणून बेसाल्टच्या एकाच प्रवाहात माथ्याकडचा भाग छिद्रांनी भरलेला आणि मधला भाग घट्ट असा फरक दिसतो. दख्खनच्या कातळात असे थर एकावर एक रचलेले आहेत. बहुतेक पोकळ्या वाटाण्यापासून मुठीएवढ्या असतात. बुडबुडे एकमेकांत मिसळले तर फार मोठ्या होतात. ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल भागातल्या काही पोकळ्या तर माणसाच्या उंचीच्या आहेत.

पोकळीत खनिजयुक्त पाणी शिरलं आणि अकीक तयार झाला, असं एका वाक्यात सांगितलं जातं. पण हिशेब मांडला की त्या वाक्यातली मेख कळते. १० सेंटिमीटर व्यासाची गोल पोकळी घेऊ. तिच्यात साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. अकीक बनतो तो सिलिकेचा, आणि साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात स्फटिक न झालेली सिलिका फार तर १०० ते १२० मिलिग्रॅम विरघळते. म्हणजे पोकळी एकदा काठोकाठ भरली आणि त्यातली सगळी सिलिका भिंतीवर बसली, तरी थराची जाडी एक मायक्रॉनसुद्धा होत नाही. तीच पोकळी भरीव करायची तर सुमारे १ किलो ३६० ग्रॅम सिलिका हवी. प्रत्येक लिटरमागे ५० मिलिग्रॅम सिलिका खाली बसली असं धरलं, तर २७ हजार लिटर पाण्याला आपलं ओझं त्या मुठीएवढ्या जागेत उतरवावं लागेल. तेव्हा पोकळी एकदा भरून जमत नाही. सिलिका सतत येत राहिली पाहिजे, मग ती वाहत्या पाण्याबरोबर येवो किंवा साचलेल्या पाण्यातून हळूहळू सरकत येवो. पाणी गरम असेल तर ते जास्त सिलिका धरतं आणि आकडा कमी होतो, पण बहुतेक अकीक १०० अंशांच्या आतच तयार झाल्याचं मानलं जातं. त्यामुळे हिशेबाचा एकंदर रोख तोच राहतो.

एवढी सिलिका येते आजूबाजूच्याच कातळातून. लाव्हा झटकन थिजते तेव्हा तिचा काही भाग काचेसारखा होतो. ही ज्वालामुखी काच कच्ची असते, पाण्यात सहज झिजते आणि पाण्याला क्वार्ट्झच्या, म्हणजे स्फटिक झालेल्या सिलिकेच्या मानाने कितीतरी जास्त सिलिका देते. क्वार्ट्झ स्वतः साध्या तापमानाला लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतो. पुढचं सगळं या दोन आकड्यांमधल्या अंतरावर चालतं: पाण्याला भरपूर सिलिका उचलता येते, पण ती सगळी धरून ठेवणं त्याला जमत नाही.

पोकळीत सर्वात आधी बसते ती बहुधा सिलिका नव्हेच. बेसाल्टमधून निघणारं लोह, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचं हिरवं, मातकट अस्तर भिंतीवर चढतं. सेलॅडोनाइट हे त्यातलं नेहमीचं खनिज. अकिकाच्या सालीवर हिरवट पापुद्रा दिसतो तो याचाच. त्यावर कॅल्सेडनी येते, म्हणजे क्वार्ट्झच पण नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या तंतूंचा. हे तंतू भिंतीला काटकोनात, आतल्या दिशेने वाढतात. त्यामुळे थर भिंतीची हुबेहूब नक्कल करतो: भिंतीवर खाच असेल तर खाच, फुगवटा असेल तर फुगवटा. पाण्यातली सिलिका, तंतूंची जाडी, मध्ये अडकलेलं पाणी, लोहाचे कण यांत थोडा बदल झाला की पुढचा पट्टा वेगळा दिसतो. एका पट्ट्याला एक वर्ष असं काही गणित नाही. पट्टे मोजून वय काढायला जाऊ नये.

या गोल गोल पट्ट्यांपेक्षा मला काही अकिकांच्या तळाशी दिसणारे सरळ, एकमेकांना समांतर पट्टे जास्त बोलके वाटतात. हे भिंतीची नक्कल करत नाहीत. भिंत वाकडी असो, खडबडीत असो, ते आपले सपाट. पाण्यात सिलिकेचे सूक्ष्म कण तरंगू लागले आणि वजनाने खाली बसले, तर ते पोकळीच्या तळाशी गाळासारखे साचतात आणि त्यांचा माथा आडवा राहतो. वरच्या अर्ध्या भागात मात्र तंतू भिंतीला धरून वाढत असतात. म्हणून एकाच कापात खाली सपाट पट्टे आणि वर कमानदार पट्टे असं चित्र मिळतं. गवंड्याकडे पाणसळ असते ना, तशी ही दगडाच्या पोटात कायमची बसवलेली असते. त्या वेळी खाली कुठे होतं, हे ती सांगते.

समजा, लाव्हाचा एक प्रवाह आज १२ अंशांनी कललेला आहे आणि त्यात अकीक जागच्या जागी आहेत. त्यांचे सपाट पट्टे प्रवाहाच्या तळाला समांतर, म्हणजे तेवढेच कललेले असतील, तर अकीक आधी झाले आणि कातळ नंतर कलला. पट्टे आज पाणसळीत असतील, तर उतार आधीच होता आणि अकीक त्यानंतर भरले. दोन्हींच्या मधला कोन मिळाला, तर कलण्याचं काम अर्धवट असताना पोकळी भरत होती. मात्र एका दगडावर विश्वास टाकू नये. जवळपासचे आठ-दहा दगड बघावेत आणि सगळ्यांचा कल एकच येतो का ते तपासावं. शिवाय लाव्हा मुळातच उतारावरून वाहिलेली असू शकते, तेही जमेस धरावं. नदीच्या पात्रात घरंगळत आलेल्या अकिकाची पाणसळ शाबूत असते, पण तिची कातळाशी असलेली सांगड तुटलेली असते. म्हणून अकीक कातळातून काढण्याआधी त्यावर न पुसल्या जाणाऱ्या शाईने वरची बाजू दाखवणारा बाण काढायचा. एकदा दगड हातात आला की हे काम करता येत नाही.

मधले स्फटिक मोठे का, याचं उत्तर पुन्हा त्या दोन आकड्यांत आहे. पाण्यात सिलिका ठासून भरलेली असते तेव्हा असंख्य ठिकाणी एकदमच स्फटिक धरू लागतात आणि कुणालाच वाढायला जागा मिळत नाही, तंतूच होतात. पाणी पातळ झालं, पण क्वार्ट्झला लागते तेवढी सिलिका अजून शिल्लक असली, की मोजकेच स्फटिक सावकाश वाढतात आणि त्यांना टोकं फुटतात. स्फटिकांवर पुन्हा कॅल्सेडनीचा थर दिसला, तर सिलिकेने भरलेलं नवं पाणी आलं होतं असं समजावं. जांभळा रंग मात्र स्फटिक वाढताना येत नाही. क्वार्ट्झमध्ये लोहाचा अंश असतो आणि नंतरच्या काळात भोवतालच्या खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराने तो रंग उमटतो. असा जांभळा स्फटिक चारशे-साडेचारशे अंशांच्या वर तापवला की बहुधा पिवळा पडतो, आणि बाजारातला बराचसा पिवळा माल असा भाजलेला असतो.

एक जुनी शंका उरते. भिंतीवर पहिला थर बसला की दार बंद व्हायला हवं, मग पुढची सिलिका आत कशी येते? काही कापांत पट्टे एका जागी सालीकडे ओढले जाऊन नळीसारखे निमुळते झालेले दिसतात. पूर्वी याला पाणी शिरण्याची वाट मानत. पुढे अनेकांनी उलट वाचन केलं: आत दाब वाढला आणि मऊ असलेला माल त्या वाटेने बाहेर ढकलला गेला. पट्टे बाहेरच्या बाजूला ताणलेले दिसतात, त्यामुळे दुसरं वाचन मला अधिक पटतं. आत येण्याला मात्र खास दार लागतच नाही, कारण कॅल्सेडनी दिसते तेवढी बंदिस्त नसते. तंतूंच्या मधून पाणी आणि सिलिका झिरपू शकतात. आणि एका कापात नळी दिसली नाही म्हणून ती नाहीच असं ठरत नाही. काप म्हणजे दगडातली एकच पातळी. पाच-पाच मिलिमीटरच्या चकत्या ओळीने काढल्या तर ती शेजारच्या चकतीत सापडू शकते.

दगड भरीव की पोकळ, हे कापण्याआधीही बऱ्यापैकी कळतं. कोरडा दगड तोला, मग दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवा आणि किती पाणी सरकलं ते मोजा. समजा वजन १०४० ग्रॅम भरलं आणि ५०० मिलिलिटर पाणी सरकलं. अकिकाची घनता साधारण २.६, म्हणजे १०४० ग्रॅम अकिकाला ४०० मिलिलिटर जागा पुरते. उरलेली १०० मिलिलिटर पोकळी. बुडवताना बारीक बुडबुड्यांची रांग निघाली तर सालीत चीर आहे, पाणी आत जातंय आणि आकडा चुकणार. सालीला बेसाल्ट चिकटलेला असेल तर तोही वजन वाढवतो आणि पोकळी असते त्याहून लहान भासते. आधी तो काढून टाकावा. हातोडीने फोडायचा मोह टाळलेला बरा, कारण अकीक पट्ट्यांची पर्वा न करता वाटेल तसा, शिंपल्यासारख्या वळणाने फुटतो. हिऱ्याच्या पात्याने, पाण्याची धार चालू ठेवून कापावा. कोरडं कापलं तर पातं तापतंच, पण सिलिकेची बारीक धूळ फुफ्फुसात जाते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. काप बाणाच्या रेषेतून उभा घ्यावा. आडवा घेतला तर सपाट पट्टे हाती लागत नाहीत, त्यातल्या एखाद्याचा नुसता पृष्ठभाग दिसतो.

पट्टे झिरपू देतात याचा पुरावा रंगाऱ्यांनी केव्हाच वापरला आहे. जर्मनीतल्या इडार-ओबरस्टाइनमध्ये एकोणिसाव्या शतकात अकीक मधाच्या किंवा साखरेच्या पाण्यात बरेच दिवस मुरवत आणि मग गंधकाम्लात टाकत. आम्लाने साखरेचा कोळसा होई आणि सच्छिद्र पट्टे काळे पडत. घट्ट पांढरे पट्टे मात्र पांढरेच राहत. भडक गुलाबी किंवा गर्द निळी चकती दिसली तर तिच्या चिरा बघाव्यात. रंग चिरांच्या कडेने साचलेला असेल, तर तो भट्टीजवळच्या डब्यातून आलेला आहे, कातळातल्या पाण्यातून नव्हे.