भरल्याली कणगी

आजीचं वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी पंगत उठल्यावर सगळे ओसरीवर लोळत होते आणि कुणीतरी तिची नक्कल केली. मग दुसऱ्यानं केली. तासभर हसण्यात गेला. रात्री पुण्याला परतताना मी गाडीत ते सगळं आठवू लागले, तर बारा-पंधरा वाक्यांतली चारच हाताला लागली. तेव्हाच ठरवलं, की घरातल्या म्हाताऱ्यांची वाक्यं गोळा करायची आणि एक पुस्तिका काढायची. चोवीस पानं, चाळीस प्रती. दोन महिन्यांचं काम, असा माझा अंदाज होता. दीड वर्ष लागलं.

पहिली चूक मी प्रश्नातच केली. फोन करून प्रत्येकाला विचारलं, “आजीच्या म्हणी आठवतात का?” म्हण हा शब्द कानावर पडला, की माणूस शाळेत जाऊन बसतो. मला ‘अति तेथे माती’ मिळालं, ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ मिळालं, एका चुलतभावानं तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पन्नास म्हणींची यादीच पुढे ढकलली. त्यातली एकही आजी कधी म्हणाली नव्हती. फोन रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला, तर आत्या आकाशवाणीवरच्या बाईसारखी बोलायला लागली. शेवटी हिवाळ्यात तिच्याकडे गेले असताना आम्ही दोघी पावटे सोलत बसलो होतो आणि मी सहज विचारलं, “आजी तुला सगळ्यात जास्त कशावरून ओरडली गं?” मग मात्र पावटे संपले तरी आत्या थांबली नाही. हाच प्रश्न पुढे सगळ्यांना विचारला. वाक्य विचारलं तर येत नाही; प्रसंग विचारला, की वाक्य त्याच्या शेपटीला धरून येतं.

वहीत पाच रकाने केले होते: वाक्य, कोण म्हणालं, कुणाला, केव्हा आणि कशावरून, आणि शेवटचा, हे मला कुणी सांगितलं. पाचवा रकाना सुरुवातीला मला उगाच वाटत होता. पुढे सगळ्यात जास्त कामाला तोच आला.

चौथ्या रकान्याचं महत्त्व एका साध्या म्हणीनं पटवलं. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही काही आमच्या घरची म्हण नव्हे, ती सगळ्या महाराष्ट्राची. मी ती बाहेरच काढणार होते. बाबा म्हणाले, थांब. सातवीला ते गणितात नापास झाले तेव्हा आजोबा हे वाक्य म्हणाले होते. मी म्हटलं, “म्हणजे तुम्हाला टोमणाच मारला.” बाबा म्हणाले, “नाही गं. ते स्वतःबद्दल बोलत होते. मास्तर घरी आले होते, त्यांना म्हणाले, मी चौथीत शाळा सोडली, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पोराला मारू नका.” एवढं ऐकल्यावर ती म्हण पुस्तिकेत गेली. वाक्य बाजारातलं, पण ते वापरणारा हात आमच्या घरचा.

आता कणगी.

आमच्याकडे एक वाक्य आहे, जे मी लहानपणापासून काकांच्या तोंडून ऐकत आले. “कणगी भरल्याली मोजावी. तळाला गेल्यावर काय मोजत्यात?” काकांची सगळी नोकरी बँकेत गेली. पहिला पगार झालेल्या प्रत्येक पुतण्या-भाचीला त्यांनी हे वाक्य आणि मुदत ठेवीचा फॉर्म एकदमच दिलेला आहे. दाते-कर्व्यांच्या वाक्संप्रदाय कोशात शोधलं, तिथं सापडलं नाही. म्हणजे हे बहुधा घरचंच. मी आनंदानं वहीत लिहिलं आणि काकांना विचारलं, कुणाचं? “बाबांचं,” म्हणजे माझ्या आजोबांचं. केव्हा? “बहात्तरच्या दुष्काळात.”

आमच्याकडे जुनं काहीही असलं, की ते बहात्तरच्या दुष्काळात घडलेलं असतं. काकांची मुंजसुद्धा एकदा कुणीतरी बहात्तरात ढकलली होती. तेव्हा त्यांना मिसरूड फुटली असणार. त्यात आमचं गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या अंगाचं, धो धो पावसाचं. दुष्काळाची झळ लागलीच नसेल असं नाही, पण शंका आली.

आत्यानं ते वाक्य ऐकून पावट्याची शेंग खाली ठेवली. “कोण म्हणतं दादांचं? ते आईचं आहे. आणि ते पोरांना नव्हतं, दादांनाच होतं.” आजोबांना ती दादा म्हणते.

तिनं सांगितलं ते असं. पावसाळ्याचे दिवस, भाताची लावणी उरकलेली, नवं धान्य यायला अजून दोन-तीन महिने. संध्याकाळी धाकटे आजोबा, म्हणजे आजोबांचे सख्खे भाऊ, खांद्यावर पोतं टाकून आले. वाटणी होऊन ते वेगळे राहत होते आणि त्यांच्या घरातलं धान्य संपलं होतं. माजघरातल्या अंधारात आत्या चिमणी धरून उभी होती. आजोबांनी कणगीचं झाकण काढलं आणि भात काढून पोत्यात ओतायला सुरुवात केली. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायची रीत. “दादांनी ना लाभ म्हटलं ना दोन. नुसतं ओतत गेले. भावापुढं मोजायचं कसं, असं त्यांना वाटलं असणार.” आजी चुलीपाशी होती. दीर घरात असेपर्यंत एक शब्द बोलली नाही. ते उंबऱ्याबाहेर गेल्यावर ती हे वाक्य म्हणाली आणि नंतर दोन दिवस बोललीच नाही.

म्हणजे काका ज्याला बचतीचा उपदेश म्हणून वाटत होते, ते मुळात बायकोनं नवऱ्याला केलेलं भांडण होतं. आणि ते भाऊ या विषयावरचं होतं, पैशावरचं नव्हे.

काकांना हे मान्य नव्हतं. मग खरं कुणाचं, हे ठरवायचं कसं? दोघंही आपापल्या कानांनी ऐकल्याचं सांगत होते. मी दोघांना वाक्याबद्दल विचारणं सोडलं आणि कणगीबद्दल विचारलं. कशाची होती, कुठं ठेवलेली, पुढं तिचं काय झालं? बांबूच्या कामट्यांची, शेणामातीनं लिंपलेली, छातीएवढी उंच. यावर दोघांचं एकमत. आणि मग काकाच म्हणाले, “भूकंपात गेली की ती.”

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेचा भूकंप. आमच्या माजघराची भिंत आडवी झाली ती नेमकी कणगीवर. माणसं वाचली, भात मात्र मातीत मिसळलं आणि आजी-आत्या पुढं कितीतरी दिवस ते पाखडत होत्या. घर परत उभं राहिलं तेव्हा आजोबांनी पत्र्याची कोठी आणली. कणगी पुन्हा घरात आली नाही. मग बहात्तरात कुणाची कणगी तळाला गेली? काका थोडा वेळ गप्प बसले. “बाबा म्हणायचे एवढं नक्की,” म्हणाले. तेही खोटं नसणार. बायकोनं ऐकवलेलं वाक्य नवऱ्यानं पाच-सात वर्षांनी आपलं म्हणून मुलाला ऐकवलं, यात अशक्य काय आहे? घरोघरी हेच चालतं, आमच्याही.

म्हणून नोंद अशी केली: म्हणणारी आजी, आजोबांना, १९६७ च्या आधीच्या एखाद्या पावसाळ्यात, सांगणारी आत्या. खाली बारीक अक्षरात: काकांनी हे आजोबांच्या तोंडून ऐकलं, त्यांच्या आठवणीप्रमाणे १९७२. दोन्ही ठेवलं. खोडरबर वापरायचा अधिकार मला कुणी दिलाय?

छापखान्यातल्या गमती वेगळ्याच. मी मजकूर युनिकोडमध्ये दिला होता, त्यांच्याकडे जुना फॉन्ट. बदलून घेताना ‘ऱ्य’ कापला गेला आणि पहिल्या प्रुफात ‘पोहर्यात’ आलं. एका जागी दुरुस्त केलं, की दुसरीकडे ‘म्हातार्या’ उगवायची. शेवटी असे सगळे शब्द कागदावर लिहून एकेक शोधावा लागला. पण त्याहून मोठा घोळ प्रुफं तपासणाऱ्या गृहस्थांनी प्रेमानं घातला. त्यांनी ‘भरल्याली’चं ‘भरलेली’ केलं, ‘मोजत्यात’चं ‘मोजतात’ केलं आणि समासात लिहिलं, ‘भाषा शुद्ध केली आहे.’ वाचून पाहिलं तर आजी गेलेली, कुणीतरी बाई शाळेच्या तपासणीला आल्यासारखी वाटत होती. परत सगळं अशुद्ध करून घेतलं. आणखी एक शिकले: मधोमध पिना मारायच्या असतील, तर पानं चारच्या पटीत लागतात. माझी सव्वीस झाली होती. अठ्ठावीस करायला दोन पानं कमी पडत होती, म्हणून शेवटची दोन रेघा मारून कोरी सोडली. ज्याला जे आठवेल ते त्यानं हातानं लिहावं.

छपाईच्या आधी आत्याचा फोन आला. “ती कणगी छापू नकोस. धाकट्यांच्या घरी पुस्तक जाणार ना? वाचून काय म्हणतील?” मुद्दा बरोबर होता. चाळीसपैकी नऊ प्रती त्या घरच्या. प्रसंगासकट छापायचं म्हटलं, की कुणाचं तरी पोतं उघडं पडतंच. तीन नोंदी मी अशाच कारणानं काढल्या होत्या. त्यातली एक एका जिवंत सुनेबद्दल होती, तिला इलाज नव्हता. पण कणगी सोडवेना. मग सरळ धाकट्या आजोबांच्या मुलाला, आमच्या भाऊकाकांना फोन लावला आणि नोंद जशीच्या तशी वाचून दाखवली.

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग ते हसले. “हे तुमच्याकडचं आहे होय? आमचे आप्पा म्हणायचे, वहिनीच्या मनात होतं, दादांनी मोजलं नाही म्हणून. पण आम्ही घरी येऊन मोजलं होतं. सात पायल्या. दिवाळीनंतर नवं भात आलं, तेव्हा सात पायल्या मोजून परत घातल्या. छाप, छाप. फक्त हे पण घाल.”

ही तर सोन्यासारखी भर होती. साठ वर्षांनी आकडा मिळाला होता, तोही घेणाऱ्याच्या घरातून. मी लगेच आत्याला फोन केला आणि सांगितलं, की त्यांची हरकत नाही, उलट सात पायल्या परत केल्याचं लिहा म्हणतात.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल.

“सात?” ती म्हणाली. “कुठल्या पायलीनं? त्यांची पायली आमच्यापेक्षा लहान होती.”